समुद्राचे नाव आणि आकड्यांची पळवाट

गोव्याची हद्द ओलांडून कारवारकडे निघाले, की काळी नदीच्या मुखाशी सदाशिवगड लागतो. तिथल्या दीपस्तंभापाशी अरबी समुद्राचा किनारा संपतो, असे सांगितले तर कारवारकर हसतील. पण सागरी नकाशांच्या जगात ते खरे आहे. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या १९५३ च्या पुस्तकात याच दीपस्तंभापासून लक्षद्वीपच्या दिशेने एक रेषा आखली आहे. तिच्या दक्षिणेला मंगळूर, कोचीच्या किनाऱ्याला लागतो तो लक्षद्वीप समुद्र.

पाण्यावर अशी रेषा दिसत नाही. खलाशांना धोक्याच्या सूचना देताना सर्व देशांनी एकाच भागाला एकच नाव वापरावे, एवढ्यासाठी ती आखली गेली. या सीमांना राजकीय अर्थ नाही, असे पुस्तकच सांगते. तरीही नाव छापले की त्याला वजन येते.

जपान आणि कोरिया यांच्यामधल्या समुद्राचे तसेच झाले. १९२८ च्या पहिल्या आवृत्तीत त्याला ‘जपान समुद्र’ म्हटले गेले. त्या वेळी कोरियावर जपानची सत्ता होती, त्यामुळे कोरियाच्या वतीने बोलायला कोणीच नव्हते. कोरियन लोक त्याला ‘दोंघे’, म्हणजे पूर्व समुद्र म्हणतात. दक्षिण कोरियाने १९९२ मध्ये हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत मांडला. जपानचे उत्तरही पोकळ नाही. मातेओ रिची या धर्मोपदेशकाच्या १६०२ च्या नकाशात हे नाव आहे आणि कोरियावर जपानचा अंमल येण्यापूर्वीच ते युरोपीय नकाशांत रुळले होते.

वाद इतका चिघळला, की २००२ मध्ये नव्या आवृत्तीच्या मसुद्यात या समुद्राची पाने कोरी ठेवावी लागली. ती आवृत्ती आजवर निघाली नाही. अखेर २०२० मध्ये संघटनेने वेगळी वाट धरली. नव्या संगणकीय संचात समुद्रांना नावांऐवजी क्रमांक द्यायचे आणि जुने पुस्तक जुना दस्तऐवज म्हणून ठेवायचे, असे ठरले.

संगणकाला क्रमांक पुरतो, पण शाळेतल्या नकाशावर क्रमांक छापता येत नाही. त्यामुळे वाद मिटला नाही, फक्त संघटनेच्या दारातून नकाशे छापणाऱ्यांच्या दारात गेला. खरे तर १९७४ मध्ये याच संघटनेने सुचवले होते, की सामायिक जलभागाच्या नावावर एकमत झाले नाही तर दोन्ही नावे द्यावीत. हा ठराव उपसागर, सामुद्रधुनी यांच्यापुरताच आहे, मोकळ्या समुद्राला लागू नाही, असे जपान म्हणतो. कायद्याचा कीस काढला तर ते टिकेलही. पण एका नावाने दुसरे पुसले जाते, तर दोन नावांनी कोणाचेच पाणी कमी होत नाही. क्रमांकाच्या आडोशापेक्षा कंसातले दुसरे नाव अधिक प्रामाणिक ठरते.