पहिल्या दिवशी सांगायचं ते

म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रांत दरवर्षी महाराष्ट्रातून खूप मुलं येतात. सोलापूरकडची पंढरपूर–म्हैसूर गोलगुंबझ एक्स्प्रेसने, सांगली-मिरजेकडची शरावतीने. अशाच एका केंद्रात नव्या मुलांशी पहिल्या दिवशी बोलायचं काम माझ्याकडे असतं. पूर्वी मी कंपनीची मूल्यं आधी सांगायची. आता परीक्षेचा नियम आधी सांगते.

त्याला कारण आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये इन्फोसिसच्या इथल्या केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना काढलं गेलं. तीन संधी देऊनही ते अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण झाले नव्हते. त्यांतल्या बऱ्याच जणांनी नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर रुजू होण्यासाठी दोनेक वर्षं वाट पाहिली होती. परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट करारातच लिहिलेली आहे, असं कंपनीने सांगितलं. पुण्याच्या 'नाइट्स' या कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. कोण बरोबर, हा वाद मी इथे सोडवत नाही. पण करारातली अट बावीस वर्षांचं मूल सहीच्या घाईत वाचत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून ती आम्हीच मोठ्याने वाचून दाखवायला हवी: किती गुण लागतात, किती संधी मिळतात, पहिली परीक्षा कधी आणि नापास झालं तर पुढे काय. इन्फोसिसच्या पाच मूल्यांत पारदर्शकता आणि न्याय्य वागणूक आहे. बहुतेक कंपन्यांच्या यादीत हे शब्द सापडतात. त्यांचा खरा अर्थ मुलांना या चार उत्तरांतून कळतो.

मग मी फळ्यावर एक साधा प्रश्न लिहिते. वर्गातल्या गुणांची यादी दिली आहे: 90, 72, 90, 85. यातले दुसऱ्या क्रमांकाचे सर्वांत जास्त गुण शोधणारा प्रोग्रॅम लिहा. बहुतेक मुलं यादी उतरत्या क्रमाने लावतात आणि दुसऱ्या जागेवरचा आकडा उचलतात. उत्तर येतं 90. प्रश्न विचारणाऱ्याला 85 हवे असतील तर ते चूक. सारखे गुण एकदाच धरायचे की दोनदा, हे प्रश्नात लिहिलेलंच नाही. ते विचारायला हवं होतं. विचारणारा हात साधारण एखादाच वर येतो, आणि तो मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या मुलाचा असला तर मला फार आनंद होतो. कारण हीच मुलं 'आपण कॉम्प्युटरवाले नाही' म्हणून गप्प बसतात, आणि मागे पडतात तीही बऱ्याचदा हीच.

मागे पडतोय हे ओळखायचं कसं? उत्तर वाचताना सगळं समजतं, पण कोरा स्क्रीन समोर घेतला की पहिली ओळ सुचत नाही. दुसऱ्या आठवड्यात असं झालं तर त्याच दिवशी शिक्षकाकडे जा. हिंदीत विचारा, मोडक्या इंग्रजीत विचारा. शेजाऱ्याचा प्रोग्रॅम उतरवून घेऊ नका. तो पकडला जातोच, कारण शेजाऱ्याची चूकही तशीच्या तशी उतरते. पण माझी काळजी वेगळी आहे. उतरवून सरावाचे आठवडे निघून जातात, आणि परीक्षेत शेजारी उत्तर सांगायला नसतो.

माणसांबद्दल मी थोडंच बोलते. गावाकडच्या मुलांचा घोळका करून जेवायला बसू नका, एवढं आग्रहाने सांगते. ओडिशाची किंवा केरळची एखादी मुलगी शेजारी असली की कामाचं आपोआप इंग्रजीत बोलायची सवय लागते. ती सवय वर्गात लागत नाही.

शेवटी कागद. इथे मराठी मुलांची एक खास अडचण आहे. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकदा स्वतःचं नाव आधी येतं आणि पॅनवर कधी वडिलांचं नाव गळलेलं असतं. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आधारशी जोडला जातो. तिथे नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही तर अडचण येते. पुढे नोकरी बदलताना किंवा पैसे काढतानाही अर्ज अडकू शकतो. म्हणून रुजू होण्याचा अर्ज भरताना आधार समोर ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर तसंच लिहा. आधारच चुकीचं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. वारस म्हणून आई-वडिलांचं नाव त्याच आठवड्यात नोंदवा, आणि लग्न झालं की ही नोंद नव्याने करा.