हप्त्याची तारीख महिनाअखेरीलाच पडू द्या

समजा, तुमच्या बचत गटाने एका सभासद ताईंना ३१ जानेवारी २०२५ रोजी कर्ज दिलं. फेड दहा हप्त्यांत. प्रत्येक हप्ता महिनाअखेरीपर्यंत भरायचा आणि उशीर झाला तर दंड, असं सभेत ठरलं. हिशेब तुमच्याकडे आहे. तुम्ही एक्सेल किंवा गूगल शीट्स उघडून तारखांचा तक्ता करायला बसलात.

पहिल्या तारखेत ३० मिळवत जाऊ नका. ३१ जानेवारीत ३० दिवस मिळवले की २ मार्च येतो. फेब्रुवारीचा हप्ता तक्त्यातून गायबच होतो.

महिने पुढे-मागे करायला EDATE नावाचं सूत्र आहे. त्याला एक तारीख द्या आणि किती महिने ते सांगा. ते पुढच्या महिन्यातली तीच तारीख देतं. ती तारीख त्या महिन्यात नसेल, तर महिन्याचा शेवटचा दिवस देतं. म्हणून ३१ जानेवारीच्या पुढे एक महिना म्हणजे २८ फेब्रुवारी. लीप वर्ष असेल तर २९.

इथवर सगळं बरोबर आहे. घोळ पुढच्या ओळीत होतो.

बहुतेक जण प्रत्येक तारीख तिच्या वरच्या तारखेवरून काढतात. दुसरा हप्ता पहिल्यावरून, तिसरा दुसऱ्यावरून. पण २८ फेब्रुवारीच्या पुढे एक महिना म्हणजे २८ मार्च. मूळ तारीख ३१ होती, हे त्या ओळीला ठाऊकच नाही. तिला फक्त वरची २८ दिसते. मग २८ एप्रिल, २८ मे, असं थेट शेवटपर्यंत. फेब्रुवारीने एकदा तारीख मागे ओढली की ती पुन्हा पुढे येत नाही.

आता ताईंच्या बाजूने बघा. त्या ३१ मार्चला पैसे घेऊन येतात. ठरल्याप्रमाणे वेळेत आल्या. तुमचा तक्ता मात्र तीन दिवस उशीर दाखवतो. दंड लागतो. पंचवीस-पन्नास रुपयांचा असेल, पण चार बायकांसमोर उशीर केल्याचा शिक्का बसतो. कागदावर छापलेली तारीख पाहून त्या स्वतःही गप्प बसतात. हे होऊ देऊ नका.

उपाय अवघड नाही. कर्जाची तारीख एकाच सेलमध्ये लिहा, समजा D1 मध्ये. पहिल्या रकान्यात A2 पासून हप्त्याचे क्रमांक लिहा, १ ते १०. मग B2 मध्ये हे लिहा आणि खाली ओढा:

```
=EDATE($D$1,A2)
```

डॉलरच्या चिन्हांमुळे खाली ओढलं तरी D1 जागचा हलत नाही. प्रत्येक तारीख मूळ तारखेवरूनच मोजली जाते. आता २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल, ३१ मे अशा तारखा येतील. शेवटचा हप्ता ३० नोव्हेंबरला पडेल.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. पुढचं कर्ज ३० एप्रिलला दिलं, तर हेच सूत्र ३० मे दाखवेल. ३० एप्रिल हा महिन्याचा शेवटचा दिवस होता, हे त्याला कळत नाही. ते तीस हा आकडा धरून चालतं. गटाचा नियम महिनाअखेरीचा असेल, तर मे महिन्यात ३१ तारीख यायला हवी.

म्हणून सूत्र लिहिण्याआधी नियमाची वही उघडा. काय ठरलं आहे? ‘दर महिन्याच्या त्याच तारखेला’ की ‘महिनाअखेरीस’? त्याच तारखेला असेल, तर वरचं सूत्र ठेवा. महिनाअखेरीस असेल, तर हे घ्या:

```
=EOMONTH($D$1,A2)
```

EOMONTH नेहमी महिन्याचा शेवटचा दिवसच देतं. कर्ज ७ तारखेला दिलेलं असो की ३० तारखेला. महिना किती दिवसांचा, याची काळजी तुम्ही करायची नाही. महिन्यांच्या जागी 0 लिहिलंत, तर कर्जाच्या तारखेच्याच महिन्याची अखेर मिळते.

महिनाअखेरीचा तक्ता झाला की एकदा पडताळून घ्या. बाजूच्या रकान्यात हे लिहा आणि खाली ओढा:

```
=DAY(B2+1)
```

महिनाअखेरीचा दुसरा दिवस म्हणजे पुढच्या महिन्याची १ तारीख. त्यामुळे सगळ्या ओळींत 1 दिसला पाहिजे. जिथे दुसरा आकडा दिसेल, ती ओळ चुकली आहे.

तारखेच्या जागी 45716 असा आकडा दिसला, तर घाबरू नका. संगणक तारखा दिवसांच्या मोजणीत साठवतो. हा आकडा म्हणजेच २८ फेब्रुवारी २०२५. त्या सेलला तारखेचं फॉरमॅट द्या.

खरी काळजी घ्यायची ती तारीख लिहिताना. शीट अमेरिकी पद्धतीवर असेल, तर महिना आधी वाचला जातो. 31/01/2025 लिहिलंत तर ते साधा मजकूर समजून डावीकडे चिकटतं आणि सूत्रात #VALUE! येतं. ही चूक निदान दिसते तरी. पण तुम्ही ५ एप्रिल म्हणून 05/04/2025 लिहिलंत, तर शीट निमूटपणे ४ मे धरते. सगळे हप्ते महिनाभर पुढे जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून तारखेचं असं फॉरमॅट निवडा की महिन्याचं नाव अक्षरात दिसेल. गूगल शीट्स संगणकावर उघडून File, मग Settings मध्ये जा आणि Locale भारत आहे का, तेही बघून ठेवा.

घरभाड्याच्या अकरा महिन्यांच्या करारालाही EDATE कामी येतं, पण तिथे एक दिवस वजा करायचा असतो. करार १ जून २०२५ ला सुरू झाला, तर अकरा महिने पुढे १ मे २०२६ येते. ती मुदतीबाहेरची पहिली तारीख आहे. घरातला हक्काचा शेवटचा दिवस ३० एप्रिल. सुरुवातीची तारीख F1 मध्ये असेल, तर असं लिहा:

```
=EDATE(F1,11)-1
```

EDATE आणि EOMONTH ही दोन्ही सूत्रं रविवार किंवा बँकेची सुट्टी ओळखत नाहीत. ३१ ऑगस्ट २०२५ रविवारी आला. तेव्हा हप्ता आदल्या दिवशी घ्यायचा की सोमवारी, हे गटाने ठरवायचं. ठरलं की बाजूला ‘शेरा’ नावाचा रकाना करून तिथे लिहा. तक्त्यातल्या तारखेवर हाताने दुसरी तारीख लिहू नका. लिहिलीत तर त्या सेलमधलं सूत्र पुसलं जातं. मग कर्जाची तारीख पुढे कधी दुरुस्त केली, तरी ती एक ओळ जुनीच राहते.

तुमचा जुना तक्ता आधीच २८ वर अडकला असेल, तर त्याची प्रत ठेवा आणि नवा तक्ता शेजारी करा. दोन्हींत फरक पडतो त्या ओळी रंगवा. त्या दिवसांसाठी कुणाकडून दंड घेतला होता का, ते पावत्यांवरून बघा. घेतला असेल तर पुढच्या सभेत तसं सांगा, रक्कम परत करा आणि इतिवृत्तात नोंद घाला.