झिगझॅगची शेवटची रेघ पेन्सिलने काढा



या शनिवारचा विषय जरा चार्टवाल्यांचा आहे, पण प्रोग्रामिंग करणाऱ्यांनीही वाचावा. कारण मूळ भानगड डेटाची आहे, शेअर बाजाराची नाही.

कुठल्याही चार्टिंग सॉफ्टवेअरमध्ये झिगझॅग नावाचं इंडिकेटर असतं. ते लावलं की रोजची किरकोळ खरखर गायब होते आणि मोठे चढ-उतार सरळ रेघांनी जोडलेले दिसतात. नियमही सोपा. एक टक्केवारी ठरवायची, समजा १० टक्के. भाव तळापासून १० टक्के वर आला की तो तळ पक्का, आणि शिखरापासून १० टक्के खाली आला की ते शिखर पक्कं. पक्के झालेले हे बिंदू, म्हणजे पिव्हट, रेघेने जोडायचे. बस्स!

जुना चार्ट उघडून बघितला तर वाटतं, अरे, हे तर बरोबर तळाला वळलंय! आणि इथेच माणूस फसतो. नीट समजण्यासाठी २०२० सालचा निफ्टी घेऊ. सगळे आकडे दिवसाच्या क्लोजिंगचे आहेत आणि झिगझॅग १० टक्क्यांचा.

१४ जानेवारीला निफ्टी १२,३६२.३० वर बंद झाला. आजच्या चार्टवर शिखर याच तारखेला दिसतं. पण ते पक्कं व्हायला निफ्टी ११,१२६.०७ किंवा त्याखाली बंद व्हायला हवा होता. २ मार्चला तो ११,१३२.७५ वर थांबला. अवघे सहा-सात पॉइंट कमी पडले! अखेर ६ मार्चला १०,९८९.४५ वर बंद झाला, तेव्हा शिखर पक्कं झालं. म्हणजे १४ जानेवारीला शिखर झालं ही बातमी झिगझॅगला ६ मार्चच्या संध्याकाळी कळली.

आता खाली उतरणारी रेघ बघा. गुरुवार १२ मार्चला क्लोजिंग ९,५९०.१५. शुक्रवारी भाव सावरून ९,९५५.२०. त्या शनिवार-रविवारी चार्ट उघडला असता, तर १२ मार्चला छान तळ झालेला दिसला असता. सोमवारी १६ तारखेला निफ्टी ९,१९७.४० वर आला आणि तो तळ चार्टवरून पुसला गेला. मग १९ मार्चचा गुरुवार, ८,२६३.४५. शुक्रवारी पुन्हा उसळी, ८,७४५.४५. पुन्हा शनिवार-रविवार, पुन्हा गुरुवारी तळ! आणि सोमवारी २३ मार्चला एकाच दिवसात जवळजवळ १३ टक्के पडून ७,६१०.२५. १९ तारखेचा तळही गायब.

आज तोच चार्ट उघडा. १४ जानेवारीपासून २३ मार्चपर्यंत एकच तुळतुळीत रेघ. मधल्या दोन्ही खोट्या तळांचा मागमूस नाही.

हे बग आहे का हो? अजिबात नाही. उतरणाऱ्या रेघेपुरता कोड हा एवढाच आहे:

```python
if direction == -1:
    if close < low:
        low, low_date = close, date
    elif close >= low * 1.10:
        pivots.append((low_date, low, date))
        direction = 1
        high, high_date = close, date
```

`low` हा व्हेरिएबल फक्त आतापर्यंतचा सगळ्यात खालचा भाव धरून ठेवतो. आणखी खालचा भाव आला की जुना विसरायचा. `pivots` मध्ये नोंद पडेपर्यंत तो तळ नसतो, तळाचा उमेदवार असतो. तळ म्हणजे ज्याच्यानंतर भाव वर गेला तो बिंदू, अशी व्याख्याच असेल, तर ‘नंतर’ घडल्याशिवाय तो ओळखता येणारच नाही. कितीही हुशार अल्गोरिदम लिहा, ही अडचण सुटत नाही.

२३ मार्चचा तळ पक्का व्हायला ८,३७१.२८ हवा होता. २५ तारखेला निफ्टी ८,३१७.८५ ला बंद झाला, म्हणजे ९.३ टक्के वर, तरीही कच्चाच. २६ मार्चला ८,६४१.४५ झाला आणि मग पिव्हट पक्का. पण तो चार्टवर २३ तारखेला काढला गेला! रेघ मागे जाऊन वळली. माझा खरा आक्षेप आहे तो इथे.

आमच्या क्षेत्रातले बरेच जण हौसेने बॅकटेस्ट लिहितात, आणि झिगझॅगच्या शिखराला विकायचं, तळाला घ्यायचं, असं स्क्रिप्टमध्ये टाकतात. या एका उतारावर ती स्क्रिप्ट १२,३६२.३० ला विकून ७,६१०.२५ ला घेते. नफा ४,७५२.०५ पॉइंट. खऱ्या जगात सिग्नल मिळाले ६ मार्चला १०,९८९.४५ वर आणि २६ मार्चला ८,६४१.४५ वर. नफा २,३४८ पॉइंट, निम्म्यालाही थोडा कमी. आणि हा तर जवळपास ३८ टक्क्यांचा दुर्मिळ उतार. साधं गणित करा. शिखरापासून १० टक्के खाली विकायचं आणि तळापासून १० टक्के वर घ्यायचं, तर निव्वळ बरोबरी साधायलाच उतार १८.२ टक्क्यांचा हवा. १५ टक्के पडून वळला, तर चार्टवर सुंदर रेघ आणि खिशाला भोक :)

मग टक्केवारी कमी करू, असं कुणीतरी म्हणतंच. करा की. ५ टक्के ठेवले तर १९ मार्चचा तळ २० मार्चलाच पक्का होतो, कारण उसळी ५.८ टक्क्यांची होती. आणि पुढच्याच सत्रात २३ मार्च येतो. पक्का झालेला पिव्हट पुसला जात नाही हे खरं, पण भाव त्याच्याखाली जाणार नाही असं वचन त्यात कुठेच नाही. टक्केवारी कमी केली की उशीर कमी होतो आणि हुलकावण्या वाढतात. दोन्ही एकदम कमी होत नाहीत.

म्हणून झिगझॅग फेकून द्या असं मी म्हणत नाही. झालेल्या चढ-उतारांची लांबी मोजायला, मागचे टप्पे मांडायला ते फार चांगलं आहे. पण दोन गोष्टी हव्यातच असं माझं मत. एक, शेवटची कच्ची रेघ तुटक काढावी. पक्क्या रेघांसारखीच ठळक काढणं म्हणजे उमेदवाराला निवडून आलेला म्हणून मिरवणं. दोन, प्रत्येक पिव्हटला दोन तारखा असाव्यात, घडल्याची आणि कळल्याची. वरच्या कोडमध्ये `append` ला तिसरी किंमत `date` दिली आहे ती त्यासाठीच. बॅकटेस्टने फक्त तीच तारीख वापरायची.

कुणी तळ अचूक पकडणारं इंडिकेटर विकायला आलं, तर तपासणी सोपी आहे. डेटा २० मार्च २०२० ला कापा आणि चालवा. मग २३ मार्चपर्यंतचा देऊन चालवा. दोन्ही वेळा २० तारखेपर्यंतचे सिग्नल तेच आले, तर पुढे बोलू. आधीचा सिग्नल गुपचूप हलला असेल, तर त्याने दाखवलेल्या नफ्याच्या आकड्यातही उद्याचा भाव मिसळलेला आहे, आणि तो भाव आपल्याला आज मिळत नाही.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.