तंटा मिटल्यावर लेखी तक्रारीचे काय?

गूगल नकाशावरील अभिप्राय पेढीच्या मालकास पुसता येत नाही. तो लिहिणाऱ्यानेच काढावयाचा असतो. समजा, ५०० बारदानांपैकी ४० फाटकी निघाली म्हणून ग्राहकाने एकच तारा दिला, आणि पुढे व्यापाऱ्याने ती बदलून दिली. आता अभिप्राय काढल्यास त्याखालील व्यापाऱ्याचे उत्तरही जाते व भरपाईची साक्ष उरत नाही. म्हणून आमच्या मते, तीन ठिपके दाबून 'Delete review' ऐवजी 'Edit review' निवडावे, तारे वाढवावेत आणि बारदान बदलून मिळाल्याचे लिहावे. मूळ तक्रारच चुकीची ठरली, तरच ती पुसावी. मात्र पुसण्याच्या मोबदल्यात सूट देऊ करणे गूगलच्या नियमांस धरून नाही. भरपाई ही मालाच्या उणिवेपोटीच असावी.