विश्लेषण : पहिल्या नोकरीसाठी कोणते क्लाउड प्रमाणपत्र?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलाकडे एकाच परीक्षेपुरते पैसे असतील, तर त्याने अॅमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्टचे प्रमाणपत्र घ्यावे, की कोणत्याही कंपनीशी बांधलेले नसलेले?

दोन्हींत फरक काय?

अॅमेझॉनच्या एडब्ल्यूएसची परीक्षा एडब्ल्यूएसच्याच सेवांवर असते. कॉम्पटिया या संस्थेची ‘क्लाउड प्लस’ परीक्षा मात्र नेटवर्क, सुरक्षा, बिघाड शोधणे अशा सर्वत्र लागू पडणाऱ्या गोष्टी तपासते. पण ती नवख्यांसाठी आखलेली नाही. ती देण्याआधी काही वर्षांचा कामाचा अनुभव असावा, अशी कॉम्पटियाचीच शिफारस आहे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या कामांसाठी ती मान्य असल्याने तिथे तिला मागणी आहे. भारतात फ्रेशरच्या जाहिरातींत बहुधा एडब्ल्यूएस किंवा अझूर हेच शब्द दिसतात.

मग एडब्ल्यूएसची कोणती?

‘क्लाउड प्रॅक्टिशनर’ची फी १०० डॉलर आहे. ९० मिनिटांत ६५ प्रश्न असतात, पण ती केवळ तोंडओळख आहे. ‘सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट’ला १५० डॉलर लागतात आणि तिच्यासाठी पहिली परीक्षा देण्याची सक्ती नाही. दोन्हींची मुदत तीन वर्षांची. हाताशी तीन-चार महिने असतील, तर थेट दुसरीची तयारी करणे जास्त फायद्याचे.

मुलाखतीत कुठे अडते?

समजा विचारले, ‘सर्व्हर चालू आहे, पण वेबसाइट उघडत नाही. काय तपासाल?’ नुसती प्रश्नपत्रिका पाठ केलेला उमेदवार इथे थांबतो. समज असलेला क्रमाने जातो : सर्व्हरला पब्लिक आयपी आहे का, राउट टेबलमध्ये इंटरनेट गेटवेकडे जाणारा मार्ग आहे का, सिक्युरिटी ग्रुपमध्ये ४४३ पोर्ट उघडा आहे का आणि त्या पोर्टवर वेब सर्व्हर खरोखर ऐकतो आहे का.

यातली नावे एडब्ल्यूएसची, पण विचार सगळीकडचा. अझूरमध्ये सिक्युरिटी ग्रुपचे काम ‘नेटवर्क सिक्युरिटी ग्रुप’ करतो. फरक एवढाच, की एडब्ल्यूएसमध्ये तिथे फक्त परवानगीचे नियम लिहिता येतात, तर अझूरमध्ये मनाईचेही, आणि त्यांना प्राधान्यक्रम द्यावा लागतो. फायरवॉल म्हणजे काय हे समजलेल्याला हा बदल आत्मसात करायला फार वेळ लागत नाही.

निवड कशी करावी?

ज्या शहरात नोकरी हवी, तिथल्या फ्रेशरच्या २० जाहिराती वाचाव्यात आणि कोणत्या कंपनीचे नाव जास्त वेळा येते ते मोजावे. फी त्या कंपनीच्या परीक्षेवर खर्च करावी. लिनक्स आणि नेटवर्किंगचा पाया मोफत साहित्यातून पक्का करता येतो, त्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही. ‘क्लाउड प्लस’चा विचार दोन वर्षे काम केल्यावरही करता येईल. प्रमाणपत्रामुळे अर्ज चाळणीतून पुढे सरकतो, निवड मात्र त्या सर्व्हरच्या प्रश्नावर ठरते.