रुग्णशय्येवरचे वाचन

सोलापूरच्या एका कापड व्यापाऱ्यांच्या मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रियेनंतर हाडात जंतुसंसर्ग झाला आणि सहा आठवडे शिरेतून औषध घेण्यासाठी रुग्णालयात राहणे आले. वाचनाची आवड जुनी. म्हणून सूनबाईंनी शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' उशाशी आणून ठेवली. नऊ दिवसांनी खूण पाहिली तर ती बाराव्या पानावरच.

"पप्पा, पुस्तक आवडलं नाही का?"

"आवडलं गं. पण मागचं आठवत नाही. दरवेळी पहिल्यापासून सुरुवात करतो."

दोष पुस्तकाचा नव्हता. वेदनाशामक औषधांनी ग्लानी येते, रात्रीची झोप तुटक होते, आणि दिवसा परिचारिका, डॉक्टरांची फेरी, भेटीला येणारे यांतून सलग पंधरा मिनिटे मिळणे कठीण. कर्ण, कुंती, दुर्योधन असे निवेदक बदलत जाणारी कादंबरी अशा वेळी खतावणीसारखी होते. मागची पाने उलटल्याशिवाय पुढची नोंद लागत नाही. रुग्णाला हवा असतो रोजमेळ, ज्याचा हिशेब त्या दिवशीच मिटतो.

सूनबाईंनी मग पु. ल. देशपांडे यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' आणि व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' आणले. दोन्हींत प्रत्येक व्यक्तिचित्र स्वतंत्र. कोठूनही उघडावे, कोठेही मिटावे. त्यातही घरी पूर्वी वाचलेले पुस्तक अधिक सोपे, कारण मध्येच डोळा लागला तरी काही हरवत नाही. मात्र लहान म्हणजे हलके, असे नव्हे. माणदेशातले दारिद्र्य काही चित्रांत मनाला चटका लावते. रात्री एकट्याने वाचण्याजोगी ती नव्हेत. विनोदालाही एक मर्यादा आहे: पोटावर किंवा छातीवर ताजे टाके असतील तर मनमोकळे हसणेही दुखते. येथे जखम मांडीला होती, त्यामुळे ती अडचण आली नाही.

पुस्तकाचे वजन निवडताना बहुधा कोणी पाहत नाही. डाव्या हातात सुई असल्याने पुस्तक एकट्या उजव्या हाताने धरायचे होते. जाड, पुठ्ठा बांधणीची प्रत पाचच मिनिटांत छातीवर येई. पातळ, कागदी वेष्टनाची प्रत टिके. दुकानातच एका हाताने पुस्तक उघडून धरावे, पान अंगठ्याने उलटते का पाहावे, आणि मधले कोणतेही पान काढून दोन परिच्छेद वाचावेत. तेवढ्यात विषय समजला नाही, किंवा अक्षर हातभर अंतरावरून नीट दिसले नाही, तर ते परत ठेवावे. दिवाळी अंकांत कथा सुट्या असतात खऱ्या, पण काही अंक बरेच जड. सूनबाईंनी एका जुन्या अंकाची शिवण सोडवून एकेक कथा वेगळी केली. जुन्या अंकाबाबत तरी हे करण्यास हरकत नसावी.

पाचव्या आठवड्यात वेदनाशामक गोळ्या कमी झाल्या. एका सकाळी सूनबाई डबा घेऊन आल्या, तेव्हा 'मृत्युंजय' पुन्हा उशाशी होती आणि खूण बाराव्या पानाच्या बरीच पुढे गेली होती.