कुलूप, दूध आणि नुस्कान

आमच्या इंदापूरकडचा शेतकरी अवकाळी पावसानंतर ‘लई नुस्कान झालं’ म्हणतो. त्याचा मुलगा वर्गात तसेच बोलला की काही पोरे फिदीफिदी हसतात. मला त्या हसणाऱ्यांचीच गंमत वाटते. त्यांच्याही घराला रोज कुलूप लागते ना!

हे ‘कुलूप’ फारसीवाटे आपल्याकडे आले. मूळ शब्द अरबी ‘कुफ्ल’. शेवटचे ‘फ्ल’ आपल्या जिभेला अवघड. तिने ‘फ’ आणि ‘ल’ यांच्या जागाच बदलल्या. हा वर्णविपर्यय. ‘नुकसान’मधल्या ‘क’ आणि ‘स’ यांचे झाले तेच. मग दोन व्यंजनांमध्ये ‘ऊ’ घुसवला, हा स्वरागम. ‘रत्न’चे ‘रतन’ होते तसा. (‘फ’चा ‘प’ झाला, ती गोष्ट निराळी.)

सकाळच्या दुधाचीही कथा ऐका. संस्कृत ‘दुग्ध’ म्हणताना ‘ग्’साठी जीभ मागे उचलायची आणि लगेच ‘ध’साठी दातांशी आणायची. प्राकृत बोलणाऱ्यांनी ती मागची खेप वाचवली आणि ‘दुद्ध’ म्हटले. ‘ग्’ शेजाऱ्यासारखा झाला, हे समीकरण. पुढे मराठीत तो ‘द्’ही गळाला, हा लोप; आणि भरपाई म्हणून ऱ्हस्व ‘दु’ दीर्घ झाला. ‘सप्त’चे ‘सत्त’ आणि मग ‘सात’ झाले ते याच वाटेने.

अर्थात प्रत्येक अडखळणे म्हणजे वर्णविकार नव्हे. एकाच्याच तोंडी, एखाद्याच वेळी आली ती चूक; गावच्या गाव तसे बोलत असेल तर प्रकरण वेगळे. उत्तरपत्रिकेत ‘नुस्कान’ आले तर मी खाली रेघ मारून ‘नुकसान’ लिहितो. प्रमाणलेखन ते प्रमाणलेखन. तोंडी परीक्षेत मात्र अर्धा गुणही कापत नाही.